विषयाची ओळ आणि चुकलेले बारा आकडे

काका, आईने १७ नोव्हेंबरला इंदूरला राजवाड्याजवळच्या एटीएममधून १०,००० रुपये काढायचा प्रयत्न केला. कार्ड तिच्या पेन्शनच्या बँकेचं, मशीन दुसऱ्या बँकेचं. पहिल्यांदा पैसे आले नाहीत, दुसऱ्यांदा आले, पण खात्यातून २०,००० गेले. १८ तारखेपासून मी माझ्या मेलवरून तिच्या बँकेला तीन मेल केले. विषयात ‘अर्जंट कम्प्लेंट’ लिहिलं, तिसऱ्या मेलला एटीएमच्या पावतीचा फोटो लावला. पहिल्याला ‘शाखेशी संपर्क करा’ असं उत्तर, दुसऱ्याला काहीच नाही, तिसऱ्याला ‘व्यवहार यशस्वी आहे’ म्हणून तक्रार बंद. विषयात नेमकं काय लिहू म्हणजे योग्य टेबलावर जाईल? आज ९ डिसेंबर उजाडला.

---

तिसऱ्या मेलला आलेलं उत्तर खोटं नाही, हे आधी सांगतो. तुम्हाला ते ऐकून राग येईल, पण त्या उत्तरातच तुमची चूक सापडते, आणि ती सापडली की विषयाची ओळ आपोआप सुधारते.

तुम्ही ज्या पावतीचा फोटो लावलात ती कुठल्या प्रयत्नाची? पहिल्या प्रयत्नात पैसे आले नाहीत, तेव्हा बहुधा पावतीही आली नसणार. मशीन मध्येच अडकलं की पुष्कळदा छपाईसुद्धा होत नाही. दुसऱ्यांदा पैसे आले आणि पावतीही आली. आईने ती जपून पर्समध्ये ठेवली, तुम्ही तीच जोडलीत. म्हणजे ज्या व्यवहाराबद्दल काही तक्रारच नाही त्याचा पुरावा तुम्ही बँकेला दिलात, आणि बँकेने त्याच व्यवहाराची चौकशी करून ‘यशस्वी’ असं कळवलं. मी भोपाळला आमच्या बँकेच्या मंडळ कार्यालयात तक्रार विभागात चार वर्षं काढली. एटीएमच्या नाकारलेल्या तक्रारी पुन्हा उघडल्या की त्यातल्या कितीतरी अशाच निघायच्या: पैसे खरंच अडकलेले, माणूस खरं बोलणारा, फक्त आकडा शेजारच्या व्यवहाराचा.

असं का होतं हे समजायला त्या टेबलावर काय चालतं ते बघावं लागेल. तुमच्या आईची बँक ही कार्ड देणारी बँक. मशीन दुसऱ्याचं. आईच्या बँकेला त्या मशीनच्या आत काय घडलं ते दिसत नाही. ती बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेतून मशीनवाल्या बँकेवर दावा टाकते, आणि तो दावा एका व्यवहाराच्या एका क्रमांकावर टाकला जातो. तिकडचा माणूस तो क्रमांक घेऊन मशीनची नोंदवही काढतो. तिला सगळे ईजे म्हणतात, म्हणजे मशीनने सेकंदासेकंदाला स्वतः लिहून ठेवलेली रोजनिशी: कार्ड आत गेलं, पिन बरोबर, अमुक नोटा मोजल्या, नोटा बाहेर दिल्या, ग्राहकाने उचलल्या. त्या क्रमांकासमोर ‘नोटा दिल्या’ असं असेल तर तो तेवढं पान पुराव्यादाखल पाठवून दावा परत करतो. शेजारच्या ओळीत काय आहे ते बघणं त्याच्या कामात येत नाही. तो बघतही नाही.

म्हणून तुमच्या मेलमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विषयाचे शब्द नाहीत, तो बारा आकडी क्रमांक आहे. त्याला आरआरएन म्हणतात. मोबाईलवर तो कधी `RRN` म्हणून दिसतो, कधी `Ref No` म्हणून. पावतीवर त्याच्या आसपास आणखी दोन-तीन क्रमांक असतात. त्यात `TXN NO` किंवा `SEQ NO` असा चार ते सहा आकड्यांचा एक छोटा क्रमांक असतो, लोक तोच उतरवून पाठवतात. तो त्या मशीनपुरता असतो आणि काही काळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे आईच्या बँकेला त्यावरून काही शोधता येत नाही.

आता आईच्या पहिल्या प्रयत्नाचा आरआरएन काढायचा. पावती नसली तरी तो मिळतो. मोबाईल बँकिंगमध्ये त्या दिवसाच्या दोन्ही नोंदी उघडा. तिथे नसेल तर शाखेत जाऊन १७ नोव्हेंबरच्या नोंदींचा पूर्ण तपशील छापून मागा. पासबुकात तो आखूड करून छापतात, त्यामुळे अर्धा क्रमांक कापला जातो. दोन नोंदी सापडतील, दोन्ही १०,००० च्या. आता हातातली पावती कामाला येते, पण उलट्या बाजूने: पावतीवर जो आरआरएन आहे तो यादीतून खोडा. उरला तो आपला.

खात्री करायची तर एसएमएस बघा. दोन डेबिटचे दोन मेसेज असतील आणि दोन्हींत शिल्लक लिहिलेली असते. समजा आधी खात्यात ४६,२५० होते. एका मेसेजमध्ये शिल्लक ३६,२५० दिसेल, दुसऱ्यात २६,२५०. ३६,२५० वाला आधीचा, म्हणजे अडकलेला. मेसेज फोनवर कुठल्या क्रमाने आले यावर जाऊ नका, गर्दीच्या वेळी मागचा पुढे येतो. शिल्लक मात्र उलटी लागत नाही.

आकडा उतरवताना चुकला का हे बघायची एक जुनी युक्ती आहे. बहुतेक बँकांत आरआरएनचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. १७ नोव्हेंबर हा २०२५ चा ३२१ वा दिवस. म्हणजे तुमचा क्रमांक ५३२१ ने सुरू व्हायला हवा. तसा नसेल तर तुम्ही बहुधा भलताच कुठला तरी क्रमांक उचलला आहे, किंवा मधला एखादा आकडा गाळला आहे. बारा मोजून घ्या. अकरा आकडी आरआरएन पाठवणारे लोक मी रोज बघितले आहेत, त्यात एक निवृत्त गणिताचे मास्तरही होते.

आणि हो, हे सगळं करण्याआधी १७ तारखेपासून आजपर्यंतचं पूर्ण स्टेटमेंट एकदा डोळ्यांखालून घाला. कधी कधी १०,००० आधीच परत आलेले असतात, फक्त पेन्शन जमा होण्याच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही.

आता विषयाची ओळ. बँकेच्या तक्रारीच्या पत्त्यावर मेल आला की तो थेट एटीएमच्या टेबलावर जात नाही. आधी वर्गवारी होते. आमच्याकडे सकाळी दोन मुलं बसायची, आता काही ठिकाणी हे काम यंत्रणा शब्द बघून करते, पण तत्त्व तेच. त्या मुलांसमोर मेलची यादी असायची, आणि यादीत विषयाची सुरुवातच तेवढी दिसायची, साधारण पन्नास-साठ अक्षरं. तेवढ्यावरून ठरायचं: एटीएम, यूपीआय, कर्ज, पेन्शन, शाखेतली वागणूक, की ‘इतर’. ‘अर्जंट कम्प्लेंट’ लिहिलेला प्रत्येक मेल ‘इतर’मध्ये जायचा. मुलांचा आळस नव्हता तो. मेल उघडून वाचायचा तर त्यात पहिले तीन परिच्छेद बँकेने आजवर काय काय केलं याचे असत, आणि एटीएम हा शब्द चौथ्या परिच्छेदात यायचा. ‘इतर’मधून मेल बाहेर निघायला चार दिवस लागत, आणि बाहेर निघायचा सोपा रस्ता म्हणजे ‘कृपया आपल्या शाखेशी संपर्क करा’.

त्यामुळे पहिले शब्द घटनेचे हवेत, भावनेचे नकोत. नव्याने तक्रार करत असता तर ओळ अशी झाली असती:

```
ATM cash not received, a/c debited | Rs 10,000 | 17-11-2025 11:22 | RRN 532111004821 | A/c xx4417
```

इंग्रजीत का, असं विचाराल. पत्र हिंदीत लिहिलंत तरी चालतं, आणि आपल्याकडे शाखेत तेच सोयीचं. पण मेल वाचणारा माणूस इंदूरचा असेलच असं नाही. तो चेन्नईत असू शकतो, मुंबईत असू शकतो. शिवाय यंत्रणेतल्या वर्गांची नावं इंग्रजीत असतात, तेव्हा विषयाची ओळ तेवढी त्याच शब्दांत ठेवावी. खालचा मजकूर हिंदीत लिहा, हरकत नाही.

ओळीचा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे. पहिला तुकडा वर्ग ठरवतो. रक्कम, तारीख आणि वेळ हा दुसरा, त्यावरून टेबलावरचा माणूस खात्यात नोंद शोधतो. मग आरआरएन, ज्यावर दावा पडतो. शेवटी खात्याचे शेवटचे चार आकडे, म्हणजे मेल दुसऱ्याच कुणाच्या फाईलला चिकटत नाही. हा शेवटचा तुकडा यादीत दिसला नाही तरी बिघडत नाही, पहिला दिसायलाच हवा. वेळ चोवीस तासांत लिहा, आणि ती एसएमएसमधली लिहा, आईच्या आठवणीतली नको. तारीखही व्यवहाराची. रात्री उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी पैसे काढले तर पासबुकात कधी दुसऱ्या दिवसाची तारीख पडते, आणि मग शोधणारा चुकीच्या दिवसात शोधत बसतो.

पूर्ण खाते क्रमांक विषयात नको. मजकुरात दिला तर चालतो, तोही बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावरच. कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे. पिन, ओटीपी, कार्डामागचे तीन आकडे हे तक्रारीत कधीच लागत नाहीत. कुणी मागितले तर तो बँकेचा माणूस नव्हे.

तुमच्या बाबतीत मात्र तक्रार नवी नाही, जुनी उघडायची आहे. तेव्हा सुरुवात जुन्या तक्रार क्रमांकाने, त्याच्या आधी `SR` लिहून:

```
SR 2511180042 reopen: ATM cash not received, wrong RRN examined | Rs 10,000 | 17-11-2025 11:22 | RRN 532111004821
```

हे क्रमांक मी नमुन्यादाखल घातले आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण तीन मेलना तीन क्रमांक मिळाले असतील, त्यातला कुठला घ्यायचा? सगळ्यात पहिला. लोक शेवटचा घेतात, कारण तो ताजा वाटतो. पण पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची वेळ आली तर बँकेला दिलेले ३० दिवस तक्रार बँकेकडे पोचल्यापासून मोजतात, आणि तुमच्या पहिल्या मेलची तारीख १८ नोव्हेंबर आहे. दर वेळी नवा मेल टाकला की नवा क्रमांक, नवी तारीख, आणि बँकेच्या पडद्यावर तीन छोट्या, बंद झालेल्या तक्रारी दिसतात. एक लांबलेली तक्रार दिसत नाही. विषयात पहिला क्रमांक, मजकुरात ‘याच बाबतीत आणखी हे दोन क्रमांक’ असं. आणि यापुढे जे काही लिहाल ते त्याच मेलला उत्तर म्हणून, विषयातला क्रमांक न पुसता. बऱ्याच यंत्रणा तो क्रमांक वाचूनच मेल जुन्या फाईलला जोडतात. तो पुसला की मेल पुन्हा सकाळच्या वर्गवारीत.

पहिल्या मेलला ‘शाखेशी संपर्क करा’ का आलं त्याला विषयाखेरीज आणखी एक कारण असणार. मेल तुमच्या पत्त्यावरून गेला, खातं आईचं. बँकेच्या नोंदीत आईच्या नावापुढे तुमचा मेल पत्ता नसेल तर खात्याची माहिती तुम्हाला देणं त्या माणसाला शक्यच नाही. मुलगा आहे म्हणून सांगितलंत तरी तो मानू शकत नाही, आणि त्याने मानूही नये. तेव्हा मेल आईच्या नोंदलेल्या पत्त्यावरून पाठवा, किंवा तिच्या मोबाईल बँकिंगमधून तक्रार नोंदवा, किंवा तिच्या सहीचं पत्र शाखेत द्या. विषय कितीही नेमका असला तरी पाठवणारा चुकीचा असेल तर मेल शाखेकडेच परततो.

मोबाईल बँकिंगमध्ये किंवा बँकेच्या संकेतस्थळावर अर्ज भरलात तर विषयाची ओळ तुम्ही लिहीत नाही, यादीतून निवडता. ती निवडच तुमचा विषय. ‘एटीएम’ या वर्गात ‘पैसे मिळाले नाहीत, खात्यातून गेले’ असं काहीतरी असतं, आणि पुष्कळदा पुढे ‘आपल्या बँकेचं एटीएम’ की ‘दुसऱ्या बँकेचं एटीएम’ असंही विचारतात. इथे दुसऱ्या बँकेचं. घाईत ‘इतर’ निवडू नका.

मजकुरात काय लिहायचं ते थोडक्यात. आपल्या जुन्या पत्रांत ‘विषय’च्या खाली ‘संदर्भ’ असायचा, तोच धागा धरा. विषयात एका व्यवहाराचे आकडे दिले, संदर्भात दुसऱ्याचे, म्हणजे गोंधळ मिटतो. मी आईच्या नावाने असं लिहीन:

‘१७ नोव्हेंबरला एकाच मशीनवर मी १०,००० रुपयांचे दोन प्रयत्न केले. पहिला ११:२२ ला, त्याचा आरआरएन अमुक, पैसे मिळाले नाहीत, खात्यातून गेले. दुसरा ११:२६ ला, त्याचा आरआरएन तमुक, पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. आधीच्या तक्रारीला जोडलेली पावती चुकून दुसऱ्या व्यवहाराची होती. पहिल्या व्यवहारासाठी मशीनवाल्या बँकेवर दावा टाकावा.’

एवढंच. मशीनचा क्रमांक जोडा, तो तुमच्याकडच्या पावतीवर छापलेला आहे, कारण मशीन दोन्ही वेळा तेच होतं. म्हणजे ती पावती अगदीच वाया गेली नाही. दोन्ही नोंदी दिसतात असं स्टेटमेंटचं पान लावा आणि पहिल्या व्यवहारावर खूण करा. ‘त्याबद्दल तक्रार नाही’ हे वाक्य गाळू नका. त्याने तुमच्यावरचा विश्वास वाढतो हा भाग वेगळा. मुख्य म्हणजे ते नसेल तर टेबलावरच्या माणसाला वाटतं की तुम्ही आता दोन्ही मागताहात, आणि तो फाईल कुणाला तरी विचारायला बाजूला ठेवतो.

मशीनवाल्या बँकेच्या शाखेत चकरा मारू नका. राजवाड्याजवळ ती शाखा शेजारीच असेल, म्हणून जावंसं वाटतं. आईचं खातं तिथे नाही, त्यामुळे ते फार तर ऐकून घेतील.

विषयात टाळायच्या शब्दांबद्दल बोलायचं तर मला एकाच शब्दाची भीती वाटते: ‘फ्रॉड’. माणूस चिडून लिहितो, ‘बँकेने माझ्याशी फ्रॉड केला’. तो शब्द दिसला की मेल फसवणुकीच्या टेबलावर जातो, कारण तिथे एक तास उशीर झाला तरी कुणाचे तरी पैसे जाऊ शकतात. ते लोक पहिलं काम करतात कार्ड बंद करण्याचं. आमच्याकडे एका आजोबांच्या मुलाने असंच लिहिलं. कार्ड बंद झालं, फाईल फसवणूक विभागात गेली, तिथून ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून परत यायला बारा दिवस लागले, आणि एवढ्यात आजोबा नवीन कार्डासाठी शाखेच्या रांगेत. तुमच्या आईच्या बाबतीत कुणी काही चोरलेलं नाही, व्यवहार अर्धवट झाला आहे.

उलट, उद्या खरंच कुणी न सांगता खात्यातून पैसे काढले तर मात्र हाच शब्द सगळ्यात आधी लिहा, आणि मेलच्या आधी बँकेच्या नंबरवर आणि १९३० वर फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामाच्या दिवसांचा हिशेब दिला होता: चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ग्राहकाने तेवढ्यात कळवलं, तर नुकसान त्याच्यावर येत नाही. तिथे दिवस जाऊ देऊन चालत नाही.

‘आरबीआयला तक्रार करीन’ हेही विषयात घालू नका. त्याने वर्ग बदलत नाही, फक्त पहिल्या पन्नास अक्षरांतली अर्धी जागा जाते. तसंच सीसीमध्ये अध्यक्षांपासून मंत्रालयापर्यंत पंधरा पत्ते घालणं. आमच्याकडे असा मेल पाच ठिकाणांहून फिरून येई, पाचही ठिकाणी वाटे की दुसरा कुणी तरी बघतोय. आरबीआयला सीसी केल्याने लोकपालाकडे तक्रार दाखल होत नाही, ती वेगळी दाखल करावी लागते.

शाखेत पत्र देणार असाल तर दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. पण शिक्क्यावर समाधान मानू नका. काउंटरवरचा माणूस ते पत्र यंत्रणेत टाकतो, तेव्हा वर्ग तो निवडतो. तिथेच थांबून तक्रार क्रमांक मागा आणि आईच्या मोबाईलवर आलेला मेसेज वाचा. त्यात ‘एटीएम’ऐवजी ‘शाखा सेवा’ असं काही दिसलं तर लगेच, त्याच खुर्चीसमोर, बदलून घ्या. घरी परत आल्यावर पुन्हा शाखा गाठायचा कंटाळा येतो, आणि इकडे तक्रार शाखा व्यवस्थापकाच्या पडद्यावर पडून राहते. तो एटीएमचा दावा टाकत नाही.

पैशांच्या हिशेबाचं सांगतो, कारण तोही मजकुरात एका ओळीत यायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून गेले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत, आणि पुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये. हे दिवस कॅलेंडरचे, रविवार धरून. आईचा पाचवा दिवस २२ नोव्हेंबर. २३ पासून आज ९ डिसेंबरपर्यंत १७ दिवस झाले, म्हणजे १,७००. ही भरपाई ग्राहकाने मागायची वाट न बघता द्यायची आहे, पण मागितलेली बरी. विषयात तिला जागा देऊ नका, नाहीतर फाईल ‘चार्जेस आणि व्याज’कडे वळते. मजकुराच्या शेवटी लिहा: मूळ रक्कम आणि २३ नोव्हेंबरपासून जमा होईपर्यंतची रोजची १०० रुपये भरपाई.

आता या मेललाही ‘व्यवहार यशस्वी’ असंच उत्तर आलं तर? तेव्हा ती तुमच्या आकड्याची चूक नसेल. शक्यता दोन. पुन्हा जुनाच आरआरएन तपासला गेला, हे उत्तरातला क्रमांक वाचून लगेच कळतं. किंवा मशीनच्या रोजनिशीत पहिल्या व्यवहारासमोरही ‘नोटा दिल्या’ असं आहे. नोटा तोंडाशी येऊन अडकल्या, किंवा आई बाजूला झाल्यावर बाहेर आल्या, असं होऊ शकतं. या वेळी त्याच मेलला उत्तर देऊन ११:२० ते ११:३० या वेळेचं ईजेचं पान, त्या दिवशी मशीनमधली रोकड मोजल्यावर जास्त भरली का त्याची नोंद, आणि कॅमेऱ्याचं चित्रण या तीन गोष्टी नावानिशी मागा. चित्रण बँका कायम ठेवत नाहीत, म्हणून ही मागणी लांबवू नका. माझं मत विचाराल तर ती आजच्याच मेलमध्ये शेवटी घालून टाका.

त्याच्या वरची पायरी नोडल अधिकारी. त्याचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो. त्याला नवीन गोष्ट सांगायची नाही, जुनीच पुढे पाठवायची, आणि विषयात फक्त सुरुवात बदलायची:

```
Escalation, SR 2511180042 pending since 18-11-2025: ATM cash not received | Rs 10,000 | RRN 532111004821
```

इथे ‘कधीपासून’ ही तारीख आधी येते, कारण नोडल अधिकाऱ्याचं टेबल वयावर चालतं. कुठली तक्रार किती दिवसांची झाली हेच त्याला वर विचारलं जातं. ३० दिवस जवळ आलेली तक्रार तो स्वतः फोन करून हलवतो. तुमचे ३० दिवस १८ डिसेंबरला भरतात, तेव्हा हा मेल १२-१३ तारखेला गेला तर नेमका कामाला येईल. १८ नंतरही काही नाही झालं किंवा उत्तर पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर आईच्या नावाने लोकपालाकडे तक्रार दाखल करा. तिथे बँकेला पहिली तक्रार कधी केली ते विचारतात, आणि तिची प्रत जोडायला सांगतात. आजच जुना पहिला मेल आणि त्याचा क्रमांक एकत्र करून ठेवा.

पैसे जमा झाले की स्टेटमेंटमध्ये नोंद बघा. १०,००० ची वेगळी ओळ हवी, तिच्यात पुष्कळदा जुना आरआरएन दिसतो. भरपाई दुसऱ्या ओळीत येते. मूळ रक्कम आली आणि भरपाई नाही आली, असं बरेचदा घडतं, आणि त्याच क्षणी तक्रार ‘निकाली’ दाखवून बंद होते. तेव्हा नवा मेल करू नका. बंद झालेल्या त्याच मेलला उत्तर द्या, पैसे कुठल्या तारखेला जमा झाले ते लिहा आणि किती दिवसांचे किती रुपये राहिले ते लिहा. एवढ्या दोन ओळी पुरतात.